एक बोनाफाईड, तीन फॉर्म: सवलतीच्या पासाला पंचवीस दिवस का लागले

मी ठाण्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक आहे. ही हकीकत आमच्याच काउंटरची, त्यामुळे चुकाही बहुतेक आमच्याच. विद्यार्थिनीचं नाव बदललं आहे, गावाचं नाव लिहिलेलं नाही. तारखा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण खरी गोष्ट त्या तारखांतच आहे.

पार्श्वभूमी

सुवर्णा मुरबाडच्या पुढच्या एका गावातली. बारावी तालुक्याच्या ठिकाणी केली आणि जुलै २०२५ मध्ये आमच्याकडे प्रथम वर्ष वाणिज्यला प्रवेश घेतला. घरून पावणेसहाची एसटी, कल्याणला साधारण सव्वासात, तिथून लोकल, ठाण्याला उतरून दहा मिनिटं चालत. पहिलं लेक्चर आठ दहाचं. सगळं वेळेवर चाललं तर ती आठला वर्गात असायची.

तिला दोन पास हवे होते आणि हेच आमच्या लक्षात यायला चार दिवस गेले. एक एसटीचा, गाव ते कल्याण. दुसरा रेल्वेचा. बारावीपर्यंत तिला एसटीचा पास फुकट होता, कारण अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटी मोफत आहे. पदवीला आल्यावर ती योजना सुटते आणि सर्वसाधारण विद्यार्थी सवलत लागू होते. तीही मोठी आहे. भाड्यात ६६.६७ टक्के सूट मिळते, म्हणजे एक तृतीयांशच पैसे भरायचे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पास नसतानाही तिची एसटी निम्म्यात होत होती. रेल्वेत तसं काही नाही. विद्यार्थ्याला सीझन तिकीट सवलतीत मिळतं, पण त्यासाठी कॉलेजचा कागद लागतो, आणि तो हाती येईपर्यंत रोजचं पूर्ण तिकीट.

आता बोनाफाईड आणि रेल्वेचा फॉर्म यातला फरक सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

बोनाफाईड म्हणजे आमच्या लेटरहेडवरचा दाखला. अमुक विद्यार्थिनी अमुक वर्षी अमुक वर्गात शिकते, जन्मतारीख अशी, वर्तणूक चांगली, खाली सही-शिक्का. बँक, शिष्यवृत्ती, पासपोर्ट, एसटी, सगळीकडे तोच मसुदा चालतो, फक्त शेवटच्या ओळीतलं कारण बदलतं. रेल्वेचं तसं नाही. तिथे आमचं लेटरहेड कितीही भारदस्त असलं तरी खिडकीवर चालत नाही. रेल्वेच कॉलेजला छापील फॉर्मचं पुस्तक देते. प्रत्येक फॉर्मला अनुक्रमांक असतो आणि स्थळप्रत पुस्तकातच राहते. त्यात नाव, वय, जन्मतारीख, वर्ग, कुठून कुठे, कोणत्या दर्जाचा, मासिक की त्रैमासिक, आधीच्या पासचा क्रमांक, हे सगळं भरून प्राचार्यांची सही आणि शिक्का लागतो. चेकबुकासारखंच ते. म्हणून आम्ही ते कपाटात कुलपात ठेवतो, आणि म्हणूनच आमच्या काउंटरवरच्या मॅडम ते बाहेर काढायला नाखूश असतात.

अर्ज कसा आला

सोमवारी, २८ जुलैला सुवर्णाने काउंटरवर अर्ज दिला. तो अजून फाईलला आहे. वहीच्या पानावर, सुवाच्य अक्षरात: "मी आपल्या महाविद्यालयात एफ.वाय.बी.कॉम. या वर्गात शिकत आहे. तरी मला पाससाठी बोनाफाईड मिळावे, ही नम्र विनंती."

अर्जात चूक काही नाही. शाळेपासून ती एसटीच्या पाससाठी बोनाफाईडच मागत आली होती, त्यामुळे पास म्हटलं की बोनाफाईड हे समीकरण तिच्या डोक्यात पक्कं होतं. कुठला पास हे तिने लिहिलं नाही आणि आमच्या मॅडमनी विचारलं नाही. त्या आठवड्यात काउंटरवर रोज साठ-सत्तर अर्ज होते. मॅडमनी पावती क्रमांक तपासला, अर्जावर "बुधवारी" असं लिहिलं आणि पुढचा कागद घेतला.

बुधवारी, ३० जुलैला दाखला तयार होता. शेवटची ओळ: "सदर दाखला प्रवास सवलत पाससाठी देण्यात येत आहे." या ओळीने दोन्ही पास मिळतील असं तिला वाटलं, आणि ओळ वाचून कुणालाही तसंच वाटेल. एसटीचं काम त्या दाखल्यावर झालं. आगारात फॉर्म भरला, फोटो लावला, पास हातात. दुसऱ्या दिवशी तोच दाखला घेऊन ती रेल्वेच्या खिडकीवर गेली. खिडकीतल्या बाबूंनी दाखला उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "कॉलेजचं नको, रेल्वेचं कन्सेशन आण." ती म्हणाली, "हेच कॉलेजने दिलंय." मागून रांगेतला कुणीतरी ओरडला. ती बाजूला झाली.

अडचण

शुक्रवारी, १ ऑगस्टला ती पुन्हा काउंटरवर. आता तिला नेमकं काय हवं ते कळलं होतं. पण उत्तर मिळालं, "रेल्वे कन्सेशन आय-कार्ड दाखवल्याशिवाय नाही. आय-कार्ड पंधरा ऑगस्टनंतर."

आय-कार्ड छापायला बाहेर जातात. प्रवेशाची शेवटची यादी लागून तुकड्या पक्क्या होईपर्यंत आम्ही फोटो पाठवत नाही, नाहीतर तुकडी बदललेल्यांची कार्डं पुन्हा छापावी लागतात. कारण बरोबर आहे. पण त्याचा परिणाम असा की लांबून येणाऱ्या पोरांना पहिला महिना पूर्ण भाड्यात काढावा लागतो, आणि नेमकी त्यांनाच पासची सगळ्यात जास्त गरज असते.

रोजचे जाऊन-येऊन वीस रुपये ही एक गोष्ट झाली. खरा त्रास रांगेचा होता. कल्याणला सकाळी सव्वासातला तिकिटाच्या खिडकीवर दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. मोबाईलवर तिकीट निघतं हे तिला ठाऊक होतं, पण घरात स्मार्टफोन एकच आणि तो वडिलांबरोबर कामावर जायचा. हातची लोकल गेली की आठ दहाचं लेक्चर गेलं. आठवड्यात तिचे तीन लेटमार्क झाले. आमच्या अकाउंटन्सीच्या सरांनी तिला उभं करून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सर, पास नाहीये." सरांनी रागावायचं सोडून तिला माझ्याकडे पाठवलं. बुधवार, ६ ऑगस्ट. म्हणजे अर्ज केल्यापासून दहावा दिवस, आणि मला या प्रकरणाचा पत्ता त्या दिवशी लागला.

पहिला निर्णय: आय-कार्डाविना फॉर्म द्यायचा का?

माझ्यासमोर चार वाटा होत्या.

पहिली, आय-कार्ड येईपर्यंत थांबायला सांगणं. यात आमचं काहीच बिघडत नव्हतं, सगळं तिच्यावर पडत होतं. दुसरी, तिने तोवर पूर्ण दराचा मासिक पास काढावा. रांग टळली असती, पण एकदा तो काढला की महिनाभर सवलतीचा उपयोग नाही, म्हणजे पहिला महिना पूर्ण पैशांत. तिसरी, स्टेशन मास्तरांच्या नावे प्राचार्यांचं विनंतीपत्र. ही सूचना मॅडमची. मनात भरण्यासारखी होती, कारण त्यात फॉर्म-पुस्तकाला हात लागत नव्हता. पण ज्या खिडकीने एक लेटरहेड परत केलं ती दुसरं का घेईल? सवलत छापील फॉर्मवरच मिळते, पत्राने ती मिळत नाही. तिला आणखी एक हेलपाटा घालायला लावण्यापलीकडे त्यातून काही निघालं नसतं.

चौथी, आय-कार्ड नसताना फॉर्म देणं. इथे मी फॉर्म समोर ठेवून पुन्हा वाचला. इतकी वर्षं सह्यांना पाठवतोय, पण शेवटचा नीट कधी वाचला होता ते आठवेना. प्राचार्य त्यात प्रमाणित करतात ते एवढंच, की ही आमची खरोखरची विद्यार्थिनी आहे आणि दिलेली माहिती आमच्या नोंदींप्रमाणे बरोबर आहे. याचा आधार प्रवेश नोंदवही. आय-कार्ड हे त्याच नोंदवहीतून निघालेलं पिल्लू. आय-कार्ड पाहिल्याशिवाय फॉर्म नाही हा नियम आमच्याच कार्यालयाने कधीतरी केलेला, सोयीसाठी.

तरी मॅडमची भीती पोकळ नव्हती. जुलै-ऑगस्टमध्ये पोरं कॉलेज बदलतात. एखादा आमच्याकडून फॉर्म घेईल, त्रैमासिक पास काढेल आणि आठवड्याने दुसरीकडे प्रवेश घेईल. मग आमच्या शिक्क्यावर तीन महिने कुणी भलताच फिरतोय. म्हणून मी त्यांना विचारलं, "हिचा मूळ एलसी कुठाय?" मॅडमनी फाईल काढली. शाळा सोडल्याचा मूळ दाखला आमच्याकडे जमा होता, फीची पावती होती, हजेरीपटावर नाव आलं होतं. मूळ एलसी आमच्या कपाटात असताना ती दुसरीकडे पक्का प्रवेश घेऊच शकत नव्हती. आय-कार्डापेक्षा हा पुरावा जास्त भक्कम, कारण कॉलेज सोडतानाही आय-कार्ड खिशात राहू शकतं.

ठरलं असं: मूळ एलसी जमा, फी भरलेली आणि हजेरीपटावर नाव, या तीन गोष्टी असतील तर आय-कार्डाविना फॉर्म द्यायचा. पण पहिला फॉर्म फक्त मासिक. प्राचार्यांना मी तसं तोंडी सांगितलं, ते हो म्हणाले. लेखी घ्यायला हवं होतं, घेतलं नाही.

दुसरा निर्णय: कोणत्या स्टेशनापासून?

सवलतीचा पास घराजवळच्या स्टेशनापासून कॉलेजजवळच्या स्टेशनापर्यंतच मिळतो. ठाणे हे टोक ठरलेलं होतं. दुसरं टोक कुठलं?

शुक्रवारी, ८ ऑगस्टला मॅडमनी फॉर्म भरला, "कल्याण ते ठाणे". तो सहीसाठी माझ्याकडे आला आणि मी नको तितका विचार केला. तिची एसटी कल्याण-मुरबाड रस्त्याने येते. त्या रस्त्यावर कल्याणच्या आधी शहाड स्टेशन लागतं. म्हणजे तिच्या घराला शहाड जवळचं. नकाशाच काढायचा तर गोवेलीहून फुटून टिटवाळाही गाठता येतं, पण तिची गाडी तिकडे वळत नाही, म्हणून तो मुद्दा सोडून दिला. ती कल्याणला उतरते कारण तिथे एसटी स्टँड स्टेशनला लागून आहे आणि लोकल भरपूर. शहाडला फक्त टिटवाळा, आसनगाव, कसारा बाजूच्या गाड्या थांबतात.

तिला विचारलं, "तुला कुठून हवा?" ती म्हणाली, "कल्याणच चालेल सर. एसटीचा पासपण कल्याणपर्यंतच आहे."

मी म्हटलं, शहाड लिहू. नियमात बसतं, आणि तिचं नुकसान काहीच नाही. शहाड ते ठाणे पास असला तर मधल्या कल्याणला चढता-उतरता येतंच. एखाद्या दिवशी एसटी शहाडच्या पुलाजवळ कोंडीत अडकली तर तिथेच उतरून गाडी पकडता येईल. हिशेब बरोबर होता. चूक झाली ती पुढच्या वाक्यात. मी मॅडमना म्हणालो, "तेवढं कल्याणचं शहाड करा." त्यांनी कल्याणवर एक आडवी रेघ मारली, वर शहाड लिहिलं, बाजूला छोटी सही केली आणि कॉलेजचा गोल शिक्काही मारला. आमच्या कार्यालयात दुरुस्ती अशीच होते, आणि त्या शिक्क्याने ती अधिकच अधिकृत वाटत होती.

सोमवारी, ११ तारखेला खिडकीवरून फॉर्म परत आला. खाडाखोड चालत नाही. बाबूंचं बरोबरच होतं. सवलतीच्या कागदावर स्टेशनचं नाव खोडून बदललेलं असेल, तर ते कॉलेजने बदललं की पोराने, हे त्यांनी खिडकीत बसून कसं ठरवायचं? गोल शिक्के तर बाजारात मिळतात.

आता वाटतं, कल्याण लिहिलं असतं तरी काही बिघडलं नसतं. ज्या स्टेशनवर तिची एसटी तिला सोडते ते तिच्यापुरतं जवळचं स्टेशन, असं म्हणायला पुरेसा आधार होता, आणि एसटीचा पास त्याचा पुरावा होता. शहाडचा आग्रह धरायचाच होता तर फॉर्म भरायच्या आधी धरायला हवा होता. भरलेला फॉर्म समोर आल्यावर अक्कल दाखवली ती मी.

फॉर्मवर "रद्द" लिहून तो स्थळप्रतीला टाचला. अनुक्रमांकाचा फॉर्म फाडून टाकायचा नसतो, पुस्तक संपल्यावर नवं मागताना जुन्याचा हिशेब द्यावा लागतो.

तिसरा निर्णय, जो कुणी घेतलाच नाही: तारीख

दुसरा फॉर्म बुधवारी, १३ ऑगस्टला भरला. शहाड ते ठाणे, मासिक, द्वितीय श्रेणी, एकही खाडाखोड नाही. मॅडमनी तारीखही घातली, १३-०८-२०२५. प्राचार्य त्या दिवशी विद्यापीठात बैठकीला गेले होते. सही झाली गुरुवारी, १४ तारखेला संध्याकाळी. तोवर सुवर्णा घरी निघाली होती, कारण तिची परतीची एसटी चुकली तर पुढची रात्रीची.

शुक्रवारी १५ ऑगस्ट. शनिवारी गोपाळकाला. रविवार. आमच्याकडच्या फॉर्मवर मुदत छापलेली आहे ती तीन दिवसांची, दिलेल्या तारखेपासून. झेंडावंदनाला आम्ही सगळे कॉलेजात होतो, फॉर्म टेबलाच्या खणात होता, आणि त्याची मुदत आमच्या डोळ्यांदेखत सरत होती. कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सोमवारी, १८ ऑगस्टला पाऊस कोसळत होता. त्या आठवड्यातला मुंबई-ठाण्याचा पाऊस ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. सुवर्णा तशा पावसात आली, फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेली, आणि खिडकीवर तिला सांगितलं गेलं की मुदत संपली. मंगळवारी पावसामुळे कॉलेजला सुट्टी. बुधवारी ती आली नाही.

गुरुवारी, २१ तारखेला आली तेव्हा काउंटरवर न जाता सरळ माझ्या केबिनच्या दारात उभी राहिली. काही बोलली नाही. कोपरे मऊ पडलेला फॉर्म टेबलावर ठेवला. मी तारीख पाहिली आणि मलाच काही बोलवेना. मॅडमना आत बोलावलं, पुस्तक मागवलं, तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं. तिच्यासमोर तिसरा फॉर्म भरला, प्रत्येक रकाना तिला वाचून दाखवला. नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच लिहिलं. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी होतं, आणि ते खिडकीवर जुळलं नाही म्हणून चौथा फॉर्म करायची ताकद माझ्यात नव्हती. शिपाईमामा फॉर्म घेऊन प्राचार्यांकडे गेले, सही आणली. तारीख मी सगळ्यात शेवटी घातली, फॉर्म तिच्या हातात देताना.

"आत्ताच जा," मी म्हटलं. "लेक्चर बुडलं तरी चालेल, मी सरांना सांगतो."

साडेबाराला ती पास घेऊन परत आली, दाखवायला. २८ जुलै ते २१ ऑगस्ट, दोन्ही दिवस धरून पंचवीस.

काय बदललं

सगळ्यात स्वस्त बदलाचा उपयोग सगळ्यात जास्त झाला. काउंटरवर आता अर्ज घेताना एकच प्रश्न विचारतात: "एसटी, रेल्वे, का दोन्ही?" बोनाफाईडच्या शेवटच्या ओळीत "प्रवास सवलत पाससाठी" असं मोघम लिहिणं बंद केलं. एसटीसाठी असेल तर "एसटी पाससाठी" असं स्पष्ट लिहितो, म्हणजे तो कागद घेऊन कुणी रेल्वेच्या रांगेत उभं राहत नाही.

अर्जाचा एक नमुना काउंटरच्या काचेला चिकटवला आहे. त्यातला गाभा असा: "मला ____ ते ____ असा रेल्वेचा मासिक / त्रैमासिक विद्यार्थी पास काढायचा आहे. घराजवळचे स्टेशन ____. तिथपर्यंत मी ____ ने येतो / येते. आधीच्या पासचा क्रमांक ____, मुदत ____ पर्यंत. फॉर्म न्यायला मी ____ या दिवशी येईन." घरापासून स्टेशनपर्यंत कसं येता, हा प्रश्न सुवर्णामुळे आला. त्या एका ओळीतून स्टेशनचा वाद फॉर्म भरायच्या आधीच मिटतो. शेवटची ओळ तारखेसाठी आहे. फॉर्म भरून, सही होऊन तयार असतो, पण तारखेचा रकाना कोरा ठेवतो आणि मुलगा समोर आला की भरतो. कोरी तारीख असलेला सहीचा कागद ठेवणं बरं नव्हे, असं प्राचार्यांनी बजावलं, तेव्हा असे फॉर्म रोज संध्याकाळी मोजून कुलपात जातात आणि आठवड्याच्या आत कुणी नेला नाही तर रद्द होतात.

आय-कार्डाच्या बाबतीत तीन कागदांचा निकष आता लेखी आहे. तरी एक बाजू उघडी राहिलीच. ज्यांचा मूळ एलसी दुसऱ्या बोर्डाच्या मायग्रेशनमुळे यायचा असतो, त्यांना या निकषावर फॉर्म देता येत नाही. गेल्या वर्षी असे दोघे होते. ते आय-कार्ड येईपर्यंत थांबले. त्यांच्यासाठी माझ्याकडे अजून चांगला उपाय नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मला विचाराल तर १ ऑगस्टचा दिवस सगळ्यात महागात पडला. त्या दिवशी मागणी नेमकी होती, कागद सगळे फाईलला होते, प्राचार्य जागेवर होते. मॅडमनी "नाही" म्हणण्याऐवजी "थांब, सरांना विचारते" म्हटलं असतं तर त्याच दिवशी फॉर्म मिळाला असता. पण मॅडमना दोष देता येत नाही. अपवाद कुणाला विचारायचा हे आम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, आणि अपवाद केला म्हणून बोलणी बसल्याचा अनुभव मात्र त्यांना होता. अकाउंटन्सीच्या सरांनी लेटमार्कमागचं कारण विचारलं नसतं, तर ती आय-कार्डाची वाट पाहत बसली असती.

सुवर्णाकडून काय राहिलं? पहिल्या अर्जात "रेल्वे" हा शब्द. बाकी काही नाही. खिडकीवरून तीनदा परत आली तेव्हा प्रत्येक वेळी नकाराचं कारण तिने नीट विचारून आणलं होतं, आणि त्यामुळेच आम्हाला दर वेळी नेमकं काय चुकलं ते कळलं. "घेतलं नाही" एवढंच सांगत परत येणारे बरेच असतात.

पुढे

पासची मुदत २० सप्टेंबरपर्यंत होती. १२ तारखेला ती काउंटरवर आली. आय-कार्ड गळ्यात, नमुन्याप्रमाणे भरलेला अर्ज हातात, जुन्या पासचा क्रमांक लिहिलेला. मॅडमनी त्रैमासिक सुचवला. तिने बोटांवर मोजलं, दिवाळीची सुट्टी मध्ये येते म्हणाली, आणि मासिकच मागितला. फॉर्म दुसऱ्या दिवशी मिळाला.

निघताना तिने आणखी एक कागद पुढे केला. तिच्या गावातली एक मुलगी शेजारच्या कॉलेजात अकरावीला होती, तिलाही रेल्वेचा पास काढायचा होता. "मॅडम, हा काचेवरचा नमुना मी तिच्यासाठी लिहून घेऊ का?" मॅडमनी झेरॉक्स काढून दिली.